हशा कोणाच्या खाती?

सांगलीच्या हळद बाजारात पेढी असलेल्या एका घरातील थोरल्या सुनेकडे समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील नाटिका बसविण्याचे काम आले, ते ध्यानीमनी नसताना. वर्षानुवर्षे हे काम पाहणाऱ्या बाई मुलाकडे पुण्याला राहावयास गेल्या आणि जाताना संहितेची वही तिच्या हाती देऊन गेल्या. वही म्हणजे लाल कापडी बांधणीची खरीखुरी रोजकीर्द होती. तिच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर कोणे एके काळी किराणा मालाच्या एका व्यापाऱ्याने सुवाच्य अक्षरात नाटिका लिहिली होती. नाव होते ‘ऋण काढून सण’.

कथानक दोन ओळींचे. एक किराणा व्यापारी शेठजी मुलीचे लग्न ऐपतीबाहेर जाऊन करावयास निघतात, पेढी गहाण ठेवण्याची पाळी येते, आणि शेवटी मुलगीच साधे लग्न करण्याचा हट्ट धरून घर वाचविते. वीस वर्षांत तिचे तीन प्रयोग झाले होते. तिन्ही वेळा सभागृह हसून लोटपोट झाले होते, आणि कित्येकांना संवाद तोंडपाठ होते. चौथ्या प्रयोगाला नवे काही करावयाचे नव्हते. पात्रे जमवावी, तालमी घ्याव्या, इतकेच.

पहिल्या तालमीला ती आपल्या दहा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन गेली. पडदा ओढण्याचे काम त्याला मिळावे, ही त्याचीच इच्छा होती. नाटिकेत एक मुनीम आहेत आणि ते अडखळत बोलतात. ‘प-प-प’ करीत ते दारात उभे राहतात, शेठजी त्यांचे शब्द पुरे करू पाहतात, “पापड? पाहुणे? पगारवाढ?” आणि मुनिमांना सांगावयाचे असते की पतपेढीची नोटीस आली आहे. मुनिमाचे काम करणारे कापड व्यापारी या भूमिकेत मुरलेले होते. तालमीला जमलेली मंडळी पोट धरून हसली. मुलगाही हसला. जरा जास्तच हसला.

तो स्वतः बोलताना अडखळतो, हे तालमीतील कोणाच्या मनात त्या वेळी आले नसावे. कोणाचा वाईट हेतू नव्हता. मात्र दुसऱ्या दिवशी तालमीला निघताना तो म्हणाला की त्याला शाळेचा अभ्यास आहे. दिवाळीची सुट्टी चालू होती.

तिने घरात किंवा मंडळात हा विषय काढला नाही. मुलासाठी म्हणून संहिता बदलली तर सर्वांच्या नजरा त्याच्याकडेच वळतील, आणि ते त्याला हशापेक्षाही जड जाईल, हे तिला कळत होते. शिवाय मुनिमाचे दृश्य उचलून टाकले, तर नाटिकेत सगळ्यांत मोठा हशा मिळविणारी जागाच जाणार होती. मग रात्री स्वयंपाकघर आवरून झाल्यावर ती वही घेऊन बसली. घरच्या पेढीचे हिशेब तीच पाहत असल्यामुळे तिच्या हातून जे झाले ते त्याच सवयीने झाले. जिथे जिथे हशा येतो, तिथे तिने समासात पेन्सिलीने खूण केली, आणि प्रत्येक खुणेपुढे तो हशा कोणाच्या नावे पडतो ते लिहिले.

एकूण हशे निघाले चौतीस. त्यांतले एकोणीस शेठाणीच्या नावे होते. ती साड्या मोजू शकते पण पैसे मोजू शकत नाही, तिला दागिन्यांवाचून काही सुचत नाही, तिची जीभ थांबत नाही, तिच्यापुढे नवऱ्याचे काही चालत नाही. सहा हशे मुनिमांच्या जिभेचे. तीन विधवा आत्याबाईंचे, ज्या नेमक्या मुहूर्ताला समोर येतात आणि सारे त्यांना आत पिटाळतात. दोन मुलीच्या वयावर. खुद्द शेठजींच्या नावे पडले अवघे चार.

हा ताळेबंद पाहून ती थोडी चक्रावली. कारण नाटिकेत कर्ज काढणारे शेठजी आहेत. पाहुण्यांची यादी ते करतात, मांडव ते ठरवितात, सही ते करतात. आणि प्रेक्षक हसतात ते साडीच्या हट्टावर. तिला आधीचा प्रयोग आठवला. तो पाहून घरी परतताना गाडीत सासरे मोठ्या समाधानाने म्हणाले होते, “बायकांनी आवरतं घेतलं पाहिजे, हे बरं दाखवलंय.” त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांनी धाकट्या मुलाच्या लग्नाचे सभागृह ठरविले, शहरातील सर्वांत मोठे. म्हणजे उपदेश शेठजी मंडळींना उद्देशून लिहिलेला होता आणि पोहोचला होता भलत्याच पत्त्यावर. शेठाणीची थट्टा नाटिकेच्या मुद्द्याला वाट मोकळी करून देत नव्हती. त्या थट्टेआड शेठजी निर्धास्त बसले होते.

संहिता बदलावयाची तर लेखकाला विचारणे भाग होते. ते सौजन्याचे आहेच, पण कायद्याचेही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचे रूपांतर करण्याचा हक्क मुळात लेखकाचा असतो, आणि तो हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर लेखकाला हरकत घेता येते. हौशी मंडळांत याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. जुनी वही म्हणजे सर्वांची वही, असा समज असतो. लेखक हयात होते, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले, आणि सारा समाज त्यांना अण्णा म्हणत असे.

अण्णांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि नकार दिला. “माझ्या शेठाणीवर वीस वर्षं लोक हसतायत. कुणाला लागल्याचं एकानंही येऊन सांगितलं नाही. आता तू म्हणतेस, चुकलं?”

“चुकलं असं नाही म्हणत, अण्णा. हे एवढं पाहा,” असे म्हणून तिने वही पुढे केली. शेवटच्या पानावर तिने खाती मांडली होती.

अण्णांनी चष्मा चढविला. साठ वर्षे खतावणी पाहिलेला तो माणूस. संवादांकडे न पाहता त्यांनी आधी बेरीज तपासली, मग खात्यांची नावे वाचली, आणि पुन्हा वर जाऊन एकोणीसच्या आकड्यावर बोट ठेवले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

“म्हणजे कर्ज काढलं शेठनं,” ते म्हणाले, “आणि फेडतेय शेठाणी.”

परवानगी मिळाली, पण दोन अटींवर. हशा कमी होता कामा नये, आणि जे काही बदलेल ते प्रयोगाआधी त्यांना वाचून दाखवावयाचे. तिने ती परवानगी दोन ओळींत लिहून घेतली आणि पहिल्या पानावर ‘मूळ लेखन’ आणि ‘फेरलेखन’ असे दोन्ही नोंदविले.

पहिला खर्डा सपशेल फसला. हे सांगितलेच पाहिजे, कारण असे काम हाती घेणारा जवळजवळ प्रत्येक जण याच खड्ड्यात पडतो. तिने शेठाणीचे सारे दोष काढून टाकले आणि तिला शहाणी केली. शेठाणी आता संयमाने बोलत होती, काटकसर शिकवीत होती, नवऱ्याला समजावीत होती. दुसऱ्या वाचनाला बारा माणसे जमली होती. पहिली सात पाने होईपर्यंत कोणीही हसले नाही. वाचन संपल्यावर शेठाणीची भूमिका करणारी बाई, जिच्या घरी धान्याचे दुकान आहे आणि जी तिन्ही प्रयोगांत ही भूमिका करीत आली होती, स्पष्टच म्हणाली, “अगं, आधी माझ्यावर एकोणीस वेळा हसत होते. आता माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. मला नुसती शहाणी करून टाकलीस. शहाण्या माणसाला नाटकात काय काम?”

तक्रार अगदी रास्त होती. विनोदी नाटकात ज्या पात्राला खोड नाही, त्याला जागा नाही. स्त्रीच्या खोडी काढून तिच्या हाती केवळ सद्बुद्धी दिली, तर तो तिचा गौरव होत नाही; तिची भूमिका काढून घेतली जाते, आणि हसण्याचा सगळा मक्ता पुरुष पात्रांकडे जातो. मग प्रश्न असा उरतो की तिला कोणती खोड द्यावी. जी बाई म्हणून चिकटविलेली नाही आणि तिच्या धंद्यातून, स्वभावातून उगवलेली आहे, अशी.

नवी शेठाणी घासाघीस करण्यात अजिंक्य आहे. भाव पाडल्याशिवाय तिला घास जात नाही. आचारी ताटामागे ९०० रुपये सांगतो, ती त्याला पाऊण तासात ७०० वर आणते. घामाघूम झालेला आचारी निघून जातो. “ताटामागे दोनशे वाचवले!” ती जाहीर करते. शेठजींचा ऊर भरून येतो. इतका स्वस्त भाव मिळाल्यावर माणसे कमी कशी बोलवावयाची? ते सहाशे पाहुण्यांची यादी तिथल्या तिथे अकराशेवर नेतात. मुनीम शांतपणे बेरीज सांगतात: आधी पाच लाख चाळीस हजार होत होते, आता सात लाख सत्तर हजार होतील. “वाचवण्यात दोन लाख तीस हजार जास्त गेले, शेठजी.” व्यापारी घरांत हा हशा इतका मोठा का होतो, हे सांगावयास नको, घाऊक भावाच्या मोहाने गोदाम भरून ठेवलेला माणूस प्रत्येक रांगेत बसलेला असतो. भाव तिने पाडला, संख्या त्यांनी वाढविली. हशा दोघांच्या नावे, निम्मा निम्मा.

पाहुण्यांच्या यादीचा विनोद मात्र सरळ जुन्याच संवादातून आला. मूळ संहितेत शेठाणी म्हणत असे, “मी फक्त बावीस साड्या घेतल्या.” तिथे हसू येते ते ‘फक्त’ या लहान शब्दापुढे आलेल्या मोठ्या आकड्याचे, साडीशी त्याचा संबंध नसतो. तोच सांधा तिने शेठजींना दिला. “बाहेरचं कोणी नाही. फक्त घरची माणसं. अकराशे.” आणि यादी वाचू लागल्यावर तिच्यात निघतो तो पंचवीस वर्षांपूर्वी ज्याच्याकडून काटा विकत घेतला होता तो माणूस. हे शेवटचे अण्णांनी घातले. संहिता ऐकताना ते हळूहळू रंगू लागले होते.

मुनिमांचे दृश्य सर्वांत अवघड गेले. तिथे हशा पिकतो तो नेमका कशाने, हे आधी पाहावे लागले. अत्यंत निकडीची बातमी दारात उभी आहे आणि ती बाहेर पडत नाही, ही त्यातली गंमत. तोतरेपणा हे केवळ अडवून धरण्याचे साधन. साधन बदलावे म्हणून तिने प्रथम मुनिमांना कमी ऐकू येते असे केले. दोन पाने लिहून झाल्यावर तिचे तिलाच हसू आले: एका माणसाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्याला बसविले होते. मग मुनिमांना ग्रामीण बोली देऊन पाहिली. समाजाच्या निम्म्या पेढ्यांवर आसपासच्या खेड्यांतून येणारे दिवाणजी आहेत. त्यांच्या घरची मुले प्रयोगाला येतात. तेही खोडले.

उत्तर सापडले ते मुलाच्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी पूर्वी सांगितलेल्या एका गोष्टीत. त्यांनी घरच्यांना बजावले होते: तो बोलत असताना त्याचे शब्द तुम्ही पुरे करू नका. तो अडखळतो म्हणून त्याला घाई करू नका. त्याला काय म्हणायचे आहे ते त्याला नीट माहीत असते. ती आठवण होताच जुने दृश्य तिला उलटे दिसू लागले. मुनीम अडखळतात हे खरे, पण बातमी पोहोचत नाही ती शेठजींमुळे. ‘पापड? पाहुणे?’ करीत मध्ये तोंड घालतात ते शेठजी. मूळ संहितेतही दोष त्यांचाच होता. प्रेक्षकांचे लक्ष फक्त भलतीकडे वळविलेले होते.

म्हणून नव्या दृश्यात मुनीम स्वच्छ, सावकाश, पद्धतशीर बोलतात. शेठजींना दम निघत नाही. आणि इथे मराठी भाषाच मदतीला आली. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. तोवर वाक्य कोणत्याही बाजूला वळू शकते, आणि उतावळा माणूस ते आपल्या सोयीच्या बाजूला वळवितो.

“शेठजी, बँकेचे या सहामाहीतले हप्ते सगळेच्या सगळे…”

“भरले! शाबास!”

“…थकले. आणि पतपेढीच्या अध्यक्षांनी आपल्याला स्वतः…”

“पेढे पाठवले?”

“…बोलावलंय. गोदामातली हळद तर आता पूर्ण…”

“विकली गेली!”

“…गहाण आहे.”

यात एक व्यावहारिक खुबी आहे, ती तालमीत कळली. मुनिमाने क्रियापदाआधी थांबावयाचे नाही. थांबला तर तो शेठजींची वाट पाहतो आहे हे उघडे पडते आणि गंमत मरते. त्याने वाक्य पुढे चालूच ठेवावयाचे. शेठजींनी शब्दावर शब्द आदळावयाचा, आणि मुनिमांनी तो ऐकलाच नाही अशा थाटात आपले क्रियापद जागेवर ठेवावयाचे. आवाज चढवावयाचा नाही. तीन वाक्यांत हे जमले की चौथ्याला प्रेक्षक शेठजींच्या आधीच चुकीचा शब्द मनात म्हणतात आणि स्वतःवरच हसतात. मात्र सहाव्या वाक्यानंतर युक्ती उघडी पडते आणि हशा ओसरतो, म्हणून तिने पाचावरच हात आखडला.

बाकीच्या काही जागा एका शब्दाने सुटल्या. सावकारापुढे गप्प बसलेल्या शेठजींना जुनी शेठाणी विचारीत असे, “हातात बांगड्या भरल्यात का?” या वाक्प्रचाराचा अर्थ असा की बाई म्हणजे भित्री, आणि तो बोलणारी स्वतः बाई! त्या वाक्याला घणाचा ठोसा होता, तो जाऊन चालणार नव्हता. त्या जागी आले, “दुकानात मूग विकता, आणि घरात गिळून बसता?” किराणा व्यापाऱ्याला याहून नेमका टोला कोणता असणार? अण्णा हे ऐकून खुर्चीत हलले आणि म्हणाले, “हे मला का नाही सुचलं?” ‘मुलगी चोविशीची झाली, माल जुना झाला की भाव उतरतो’ हे वाक्य तिने आधी नवऱ्या मुलावर उलटवून पाहिले. कोणाला बरे वाटले नाही. मुलगा माल झाला म्हणून मुलगी माल होण्याची राहत नाही. शेवटी ते वाक्य मुनिमांकडे गेले, दोन लाखांच्या फुलांच्या सजावटीकडे पाहून: “शेठजी, माल नाशवंत आहे. उद्या सकाळी भाव उतरेल.” संवाद तसाच राहिला, फक्त तो आता खऱ्या मालाविषयी होता.

आत्याबाईंची जागा तशी सुटेना. तिथे वाचविण्याजोगा विनोद मुळी नव्हता. मुहूर्तावर समोर आली म्हणून विधवेला हाकलणे, आणि त्यावर हशा. सभागृहात अशा सात-आठ जणी दरवर्षी शेवटच्या रांगांत बसतात. तिने तीनही जागा सरळ कापल्या. कापल्यावर समजले की आत्याबाईंच्या त्या धांदलीत मुलगी आत जाऊन साडी बदलून येत होती. आता रंगमंच चाळीस सेकंद रिकामा पडू लागला. संहितेतून काही काढताना त्या संवादाआड दुसरे कोणते काम चालले होते हे पाहावे लागते. वाचताना ते दिसत नाही, उभी तालीम केल्यावरच दिसते.

त्या चाळीस सेकंदांत तिने जे लिहिले ते मूळ प्रथा न लपविता. मुहूर्ताच्या वेळी शेठजी आत्याबाईंना गोड बोलून मागच्या खोलीत बसवितात. लगेच मुनीम सांगतात की कर्जासाठी तारण कमी पडते आहे. घरात निर्वेध ठेव आहे ती एकट्या आत्याबाईंची. शेठजी खुर्ची घेऊन धावतात आणि त्यांना मधोमध आणून बसवितात. आत्याबाई सावकाश विचारतात, “मुहूर्त टळला का रे? की ठेवीला विटाळ नसतो?” वाचनाच्या वेळी अण्णांच्या घरातील एक वृद्ध बाई, ज्या एरवी बैठकीत येत नसत, दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत. “पुन्हा वाच,” एवढेच म्हणाल्या.

मंडळातील एका सदस्याने इथे आक्षेप घेतला: प्रथा वाईट, तर ती दाखवावयाचीच कशाला? पण दाखविणे निराळे आणि तिच्या बाजूने हसणे निराळे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यात श्रीमंत म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्न करावयास निघतो आणि पैशाच्या लोभाने तिचा बाप तयार होतो. ती रूढी देवलांनी झाकली नाही, भरपूर हसविलेही. मात्र हसू भुजंगनाथाच्या नवरेपणाच्या हौसेचे आहे, शारदेच्या दुर्दैवाचे नाही. आक्षेप घेणारे गृहस्थ यावर गप्प बसले, पटले म्हणून की कंटाळून, ते कळले नाही.

एका जागी तिला माघार घ्यावी लागली. शेठजींच्या पोटावरचा विनोद तिने काढला होता. शेठजी करणारे गृहस्थ चांगलेच स्थूल. त्यांनी हट्ट धरला की तो हवाच, आणि अण्णाही त्यांच्या बाजूला गेले. तिचे म्हणणे असे की शाळेत जाड मुलांना यावरूनच छळतात. त्यांचे म्हणणे असे की माझे पोट, माझा विनोद. अखेर ठरले की पोटाविषयी शेठजी स्वतःच बोलतील, दुसरे कोणी नाही. तिचे पुरते समाधान झाले नाही, आणि ते तिने बोलूनही दाखविले.

प्रयोगाच्या संध्याकाळी दोन गोष्टी घडल्या. मुगाच्या वाक्याआधी शेठाणीने श्वास घेतला आणि मागच्या रांगेतून दोन-तीन वडीलधाऱ्यांनी उत्साहाने जुने वाक्य ओरडून सांगितले, “बांगड्या!” सभागृह क्षणभर थबकले. ती बाई कसलेली. तिने त्या दिशेला नुसते पाहिले, शेठजींकडे वळली आणि मूग त्यांच्या पदरात घातले. हशाला एक सेकंद उशीर झाला, पण तो लांबला. दुसरी गोष्ट तितकी बरी नव्हती. मुनिमांची जीभ सवयीने घसरली. ‘पतपेढी’ म्हणताना जुना ‘प-प’ निसटला, आणि जुन्या सवयीने हसूही आले. तिने विंगेतून पडद्याच्या दोरीकडे पाहिले. मुलगा दोरी धरून उभा होता. बातमीचे नवे दृश्य ऐकल्यावर तो आपण होऊन परत आला होता. त्याचे लक्ष मुनिमांकडे नव्हते. ओठ हलवीत तो शेठजींचे पुढचे चुकीचे उत्तर आधीच पुटपुटत होता.

अण्णा पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसले होते आणि पेन्सिलीने खुणा करीत होते. एकूण एकोणतीस भरले. पाच कमी, अशी त्यांनी दुसऱ्या दिवशी तक्रार केली. पण सतरा शेठजींच्या खाती पडले होते, आणि तिच्या सासऱ्यांनी गाडीत एक अक्षर काढले नव्हते.

त्या आठवड्यात घरी जेवताना नवाच त्रास सुरू झाला. वडील म्हणाले, “आज बाजारात हळदीचा भाव एकदम…”

“चढला!” मुलगा ओरडला. थोडा अडखळला, पण क्रियापद येण्याआधी पोहोचला.